औषध ओकलं, आता पुन्हा द्यायचं का?

रात्री तापानं फणफणलेल्या मुलाला पॅरासिटामॉलचं सिरप पाजावं आणि त्यानं ते भडाभडा ओकून टाकावं, हा अनुभव बहुतेक आयांच्या ओळखीचा आहे. अशा वेळी सगळ्यात आधी घड्याळ बघावं.

औषध जठरातून पुढे सरकून रक्तात मिसळायला थोडा वेळ लागतो. पॅरासिटामॉल दिल्यावर अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली, तर बरंचसं औषध बाहेर पडलं असं धरून तोच डोस एकदा पुन्हा देता येतो. उलटीत सिरपचा रंग दिसला, तर शंका उरत नाही. अर्धा तास उलटून गेला असेल, तर मात्र पुन्हा देऊ नये. पुष्कळसं औषध अंगात गेलेलं असतं आणि पॅरासिटामॉल जास्त झालं की यकृताला इजा होते.

समजा, मूल 10 किलोचं आहे, बाटलीवर 5 मिलिलिटरमध्ये 250 मिलिग्रॅम लिहिलंय आणि डॉक्टरांनी 3 मिलिलिटर सांगितलंय. रात्री 9 ला दिलं, 9.10 ला उलटी झाली. तोंड पुसा, घोटभर पाणी द्या, दहा-पंधरा मिनिटं पोट शांत होऊ द्या आणि मग तेच 3 मिलिलिटर द्या. मापाच्या सिरिंजनं गालाच्या आतल्या बाजूला थोडं थोडं सोडलं तर उमासा कमी येतो. पुढचा डोस या दुसऱ्या वेळेपासून किमान चार तासांनी. दुसऱ्यांदाही ओकलं, तर तिसऱ्यांदा प्रयत्न न करता डॉक्टरांना फोन करावा. सर्दीच्या मिश्र औषधातही पॅरासिटामॉल असू शकतं, म्हणून ते शेजारी असेल तर त्याचं लेबल जरूर वाचा.

डोस विसरल्याचं गणित वेगळं. अँटिबायोटिक दिवसातून तीनदा, म्हणजे सकाळी 6, दुपारी 2 आणि रात्री 10 ला आहे. दुपारचं 4 ला आठवलं, तर लगेच द्या. संध्याकाळी 8 ला आठवलं, तर ते सोडून द्या आणि 10 चा नेहमीचा डोस द्या. पुढच्या डोसची वेळ जवळ आली असेल तर थांबायचं, हा सर्वसाधारण हिशेब. चुकलेलं भरून काढायला दोन डोस एकदम कधीही देऊ नयेत. मी हे आग्रहानं सांगते, कारण घरातली वडीलधारी माणसं प्रेमापोटी नेमका हाच सल्ला देतात.

फिट, हृदयविकार, मधुमेह किंवा क्षयरोगाची औषधं मात्र या हिशेबात बसवू नका. ती ओकली किंवा चुकली, तर डॉक्टरांना विचारूनच पुढचं ठरवा. उदाहरणार्थ, हृदयासाठीचं डिगॉक्सिन ओकलं तरी स्वतःहून पुन्हा द्यायचं नसतं. आणि उलटी हिरवी किंवा रक्ताची असेल, मूल मलूल पडलं असेल किंवा आठ तास लघवी झाली नसेल, तर औषधाचा विचार बाजूला ठेवून लगेच दवाखाना गाठावा.