मागे वळून पाहणारा प्राणी

मानसशास्त्राच्या तासाला आम्हाला पावलॉव्हचा कुत्रा शिकवला गेला. अन्न देण्याआधी ठराविक आवाज पुन्हा पुन्हा ऐकवला की पुढे नुसत्या आवाजानेही कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटते, हे साऱ्या वर्गाने वहीत उतरवून घेतले. मीही घेतले. पण मला मात्र त्या वेळी आमच्या घरचा मोत्या आठवत होता. मोत्या भाकरीसाठी शेपूट हलवी, हे खरेच. पण भाकरी खाऊन संपल्यावरही तो उंबऱ्याशी बसून आबांच्या तोंडाकडे पाहत राही, ते कशासाठी? कुत्र्याला माणूस म्हणजे नुसता भाकरी देणारा हात, की आणखी काही? तास संपल्यावर मी भीतभीतच सरांना विचारले. सर म्हणाले, "प्रश्न चांगला आहे. ग्रंथालयात बसा, वाचा, आणि वार्षिकासाठी लिहून द्या." आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच, त्यामुळे लेख कसा लिहितात हे घरी कुणाला विचारण्याची सोय नव्हती. वाचता वाचता जे समजले ते इथे मांडते. मोत्याच्या आधी आमच्याकडे एक पिल्लू होते. त्याची गोष्ट शेवटी सांगेन.

आपल्याकडे कुत्र्याला ओळख करून द्यावी लागत नाही. तो दत्ताच्या पायाशी आहे, खंडोबाच्या बरोबर आहे, आणि पोळी पळवली म्हणून नामदेव ज्याच्यामागे तुपाची वाटी घेऊन धावले, तोही कुत्राच. पण हा प्राणी मुळात आला कुठून? शास्त्रज्ञांचे याबाबत एकमत आहे की जगातील सगळे कुत्रे लांडग्याच्या वंशातले आहेत. ज्या लांडग्यांपासून ते झाले, त्यांचा तो जुना वंश मात्र आता उरलेला नाही. हे केव्हा घडले आणि कोणत्या प्रदेशात, यावर अजून वाद आहेत. एवढे नक्की, की निदान 14,000 वर्षांपूर्वी कुत्रा माणसाच्या सोबत होता. त्या काळी शेती नव्हती, गाय नव्हती, शेळीही नव्हती. म्हणजे आपल्या दारातला सर्वांत जुना सोबती कुत्राच.

लांडगा माणसाजवळ कसा आला, याबद्दल दोन मते आहेत. काहींच्या मते शिकारी माणसांनी लांडग्याची पिल्ले उचलून आणली आणि वाढवली. दुसरे मत असे, की माणसांच्या वस्तीबाहेर टाकलेली हाडे आणि उरलेसुरले मांस खायला काही लांडगे येऊ लागले. माणूस दिसताच जे पळत सुटत ते उपाशी राहत. जे अंगावर येत ते मारले जात. जे थोडे धीट पण शांत होते, त्यांचे पोट भरे आणि त्यांची पिल्ले जगत. असे पिढ्यान् पिढ्या चालले, तर स्वभावाचीच निवड होत जाते. पुढे शेती आली आणि खाणे बदलले. स्वीडनमधील संशोधकांनी 2013 साली दाखवून दिले की पिष्टमय अन्न पचवण्यास लागणाऱ्या एका जनुकाच्या लांडग्यात दोनच प्रती असतात, तर कुत्र्यात त्या चारपासून तीसपर्यंत सापडतात. मोत्याला ज्वारीची भाकरी पचे, ती या देणगीमुळे.

पण नुसत्या स्वभावाच्या निवडीने प्राणी खरोखर इतका बदलू शकतो का? लांडग्याचा कुत्रा होताना पाहायला तर कुणी नव्हते. म्हणून रशियातील दिमित्री बेल्यायेव यांनी 1959 साली सायबेरियात नोव्होसिबिर्स्क येथे एक प्रयोग सुरू केला. प्राणी घेतला कोल्हा, फरसाठी पाळला जाणारा रुपेरी कोल्हा. त्यांच्या सहकारी ल्युडमिला ट्रूट पिंजऱ्याजवळ जात, हात पुढे करत आणि कोल्हा काय करतो ते टिपून ठेवत. चावायला येतो, कोपऱ्यात दडतो, की शांत राहतो? प्रत्येक पिढीत जे सर्वांत शांत, अशा फार तर दहा टक्क्यांनाच पुढच्या वीणीसाठी ठेवले जाई. रंग, उंची, कान यांकडे पाहायचे नाही, आणि कोल्ह्यांना काही शिकवायचेही नाही, असा नियम होता. चौथ्या पिढीत काही पिल्ले माणूस दिसताच शेपूट हलवू लागली. पुढे काही पिल्ले माणसाजवळ येण्यासाठी कुंईकुंई करू लागली, हात चाटू लागली. काहींचे कान लोंबते राहिले, काहींच्या कपाळावर पांढरा ठिपका उमटला. 1985 साली बेल्यायेव वारले. ट्रूट यांनी 2024 मध्ये आपल्या मृत्यूपर्यंत या कामाला वाहून घेतले.

या प्रयोगाच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. हे कोल्हे थेट रानातून आणलेले नव्हते. त्यांचे पूर्वज कॅनडातील फरच्या पैदास केंद्रांत कित्येक पिढ्या वाढले होते. त्यामुळे ठिपके आणि लोंबते कान यांचे सगळे श्रेय सायबेरियातील निवडीला देता येत नाही, असा आक्षेप 2019 साली घेण्यात आला, आणि तो योग्य वाटतो. पण स्वभाव निवडीने बदलतो आणि तो रक्तातून पुढे जातो, ही मूळ गोष्ट त्यामुळे खोटी ठरत नाही.

आता माझ्या प्रश्नाकडे येते. कुत्रा माणसाळतो तो त्याच्या रक्तामुळे, की आपण त्याला लहानपणापासून वाढवतो म्हणून? याची कसोटी लावायची तर लांडग्यालाही कुत्र्यासारखेच वाढवून पाहायला हवे. हंगेरीत बुडापेस्टच्या विद्यापीठात आदाम मिक्लोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमके हेच केले. लांडग्याची पिल्ले अगदी थोड्या दिवसांची असताना आईपासून घेतली आणि एकेका पिल्लाला एकेक माणूस दिला. त्या माणसाने पिल्लाला बाटलीने दूध पाजायचे, जिथे जाईल तिथे बरोबर न्यायचे, रात्री जवळ घेऊन झोपायचे. असे काही महिने चालले. तुलनेसाठी कुत्र्याची काही पिल्लेही अशीच वाढवली.

मग 2003 साली प्रसिद्ध झालेला प्रयोग झाला. प्राण्याला आधी एक सोपे काम शिकवले. दोरी ओढली की पिंजऱ्यातून मांसाचा तुकडा बाहेर येतो. लांडगे आणि कुत्रे दोघेही हे शिकले; शिकण्यात विशेष फरक दिसला नाही. त्यानंतर दोरीचे आतले टोक गुपचूप पक्के बांधून टाकले. आता कितीही ओढा, मांस येणार नाही. मागे त्या प्राण्याचा माणूस उभा. लांडगा दोरी ओढत राहिला, चावत राहिला, झगडत राहिला. कुत्र्याने काही वेळ ओढले, मग थांबला आणि मागे वळून माणसाच्या चेहऱ्याकडे पाहिले. सारा फरक एवढाच. लांडगा मूर्ख नव्हता आणि त्याच्यावर माया कमी झाली नव्हती. अडचण आली की माणसाच्या तोंडाकडे पाहावे, हे मात्र त्याच्यात नव्हते.

मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांना मेरी एन्सवर्थ यांची चाचणी ठाऊक आहे. अनोळखी खोलीत बाळाला आणायचे, आईने बाहेर जायचे, परकी व्यक्ती आत यायची, मग आईने परत यायचे, आणि बाळ काय करते ते पाहायचे. बुडापेस्टच्याच गटाने 1998 साली ही चाचणी कुत्र्यांवर घेतली. धनी बाहेर गेला की कुत्रा दाराशी उभा राही. धनी परतला की परक्या माणसापेक्षा त्याचेच स्वागत अधिक करी. हाताने वाढवलेल्या लांडग्याच्या पिल्लांनी मात्र आपला माणूस आणि परका माणूस यांत असा भेद दाखवला नाही. भाकरी तर दोघांनाही माणसाच्याच हातून मिळाली होती! तेव्हा नुसत्या भाकरीने हे नाते उलगडत नाही.

यावर कुणी म्हणेल, हे लाडावलेल्या घरच्या कुत्र्यांचे झाले. रस्त्यावरच्या कुत्र्याचे काय? याचे उत्तर आपल्याच देशात मिळाले आहे. कोलकात्याच्या आयसर या संस्थेतील अनिंदिता भद्र यांच्या गटाने भारतीय शहरांतील 160 भटक्या कुत्र्यांसमोर दोन झाकलेली भांडी ठेवली आणि त्यांतील एकाकडे बोट दाखवले. हा अभ्यास 2020 साली प्रसिद्ध झाला. जवळजवळ निम्मे कुत्रे पुढे आलेच नाहीत. ते बिचकत होते. पण जे पुढे आले, त्यांपैकी सुमारे ऐंशी टक्के बोट दाखवलेल्या भांड्याकडेच गेले. त्यांना हे कुणी मुद्दाम शिकवले नव्हते. माझ्या मनात घर करून राहिले ते मात्र पुढे न आलेले निम्मे. माणसाचे बोट त्यांनाही कदाचित कळत असेल. पण बोटामागून दगड येतो, हेही ते शिकले असावेत.

आता त्या पिल्लाची गोष्ट. मी सातवीत असताना आबांनी बाजारच्या दिवशी एक तांबूस पिल्लू आणले. चार-पाच महिन्यांचे झाल्यावर ते आजारी पडले. डोळ्यांत चिपडे, नाक गळते, खाणे बंद. आठवड्याने त्याला झटके येऊ लागले, मान हलू लागली. आजी म्हणाली, "पिसाळलंय ते. पोरं हायेत घरात. माळावर सोडून या." आबांनी त्याला पोत्यात घातले आणि सोडून आले. त्या दिवशी आबा जेवले नाहीत.

जर्मनीत बॉन शहराजवळ ओबरकासेल येथे 1914 साली दगडाच्या खाणीत एक थडगे सापडले. त्यात एक पुरुष, एक स्त्री आणि त्यांच्यासोबत एका कुत्र्याच्या पिल्लाची हाडे होती. हे सारे सुमारे 14,000 वर्षांपूर्वीचे. 2018 साली लुक यान्सेन्स या पशुवैद्यांनी त्या पिल्लाचे दात तपासले. दात घडत असताना जबर आजार झाला की त्यावरचे लुकण नीट बनत नाही आणि त्या रेषा कायम राहतात. त्या रेषांवरून दिसले, की पिल्लाला साडेचार-पाच महिन्यांचे असताना बहुधा डिस्टेंपर झाला होता. ताप, उलट्या, मग झटके, असा हा रोग आहे. एकदा नव्हे, तीनदा ते मरणाच्या दारात गेले, आणि तरीही सुमारे सात महिन्यांचे होईपर्यंत जगले. कुणीतरी त्याला ऊब दिल्याशिवाय, पाणी पाजल्याशिवाय, घाण पुसल्याशिवाय हे शक्य नव्हते, असे यान्सेन्स यांचे म्हणणे आहे. त्या आजारी पिल्लाचा शिकारीला काही उपयोग नव्हता.

हे वाचून मी पुस्तक मिटले आणि बराच वेळ तशीच बसून राहिले. आमच्या पिल्लालाही तोच रोग होता काय, हे आता सांगता येणार नाही. डिस्टेंपरचे झटके आणि पिसाळणे नुसत्या नजरेने ओळखता येत नाही, आणि पिसाळलेला कुत्रा चावला आणि वेळेवर लस मिळाली नाही, तर माणूस दगावतो. तेव्हा आजीची भीती वेडी नव्हती. पण डिस्टेंपरला लस आहे, ती पिल्लाला वेळेवर टोचता येते, आणि आजारी कुत्र्याला हात लावण्याआधी पशुवैद्याला बोलावता येते, हे आमच्या घरात कुणाला माहीत नव्हते.

दिवाळीच्या सुट्टीत हे सारे मी आबांना वाचून दाखवले. ते काही वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "पोतं उघडलं तेव्हा ते पळालं नाही गं. माझ्याकडंच बघत हुतं."

— द्वितीय वर्ष, कला