रात्री आठवणारी फजिती

ऑफिसच्या मीटिंगमध्ये वरिष्ठ बाईंना चुकून 'आई' म्हटलं गेलं, सगळे हसले. दिवसभर ते आठवतही नाही, पण रात्री दिवा मालवला की तेच दृश्य पुन्हा पुन्हा येतं. बाहेरचं काम थांबलं की मेंदू स्वतःकडे वळतो, आणि लाज ही तीव्र भावना असल्याने तिची आठवण आधी वर येते.

'हे आठवायचंच नाही' असं ठरवलं, तर उलटंच होतं. मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेग्नर यांनी 1987 मध्ये लोकांना पांढऱ्या अस्वलाचा विचार टाळायला सांगितलं होतं, तरी ते अस्वल डोक्यात येतच राहिलं. विचार टाळला जातोय ना, हे तपासायलाही तो आठवावाच लागतो.

म्हणून मनाला दुसरं काम द्यावं. एक साधा शब्द घ्या, समजा 'गवत'. ग वरून गाजर, गाढव, गुलाल. मग व वरून वांगं, विहीर. मग त वरून तवा, तबला. प्रत्येक वस्तू काही क्षण डोळ्यांसमोर आणायची. हे चित्र आणणं महत्त्वाचं, कारण नुसती शब्दांची यादी पुटपुटताना मागे मीटिंग चालूच राहते. वस्तूंची गोष्ट मात्र जुळवू नका, गोष्ट सुरू झाली की मन जागं होतं.

साधारण वीस मिनिटांत झोप आली नाही, तर उठून मंद उजेडात काहीतरी शांत वाचावं आणि पेंग आल्यावरच अंथरुणात परतावं. असं कित्येक आठवडे चाललं, तर डॉक्टरांना भेटावं.