धडा सातवा, पण पातळी कुठली?

लोणावळ्याच्या बाजारपेठेतलं एखादं चिक्कीचं दुकान डोळ्यांसमोर आणा. दुपारी गिऱ्हाईक ओसरलं की गल्ल्यावरचा माणूस मोबाइलवर इंग्रजी बोलण्याचे धडे ऐकतो. ओळखीच्या कुणीतरी मेमरी कार्डावर चाळीस धडे भरून दिलेत. काल पहिला झाला: हॅलो, वेलकम, हाउ मच. आज तो पुढचा लावतो, तर कानावर पडतं तक्रार घेऊन आलेलं गिऱ्हाईक आणि त्याची लांबलचक वाक्यं. काहीच उमगत नाही. हे आपल्याला जमायचं नाही, असं ठरवून तो मोबाइल खाली ठेवतो. खरं तर त्याने दुसरा धडा ऐकलेलाच नसतो. त्याच्या वाट्याला थेट दहावा आलेला असतो.

असं का होतं, ते फोनवरच्या यादीत दिसतं.

```
dhada-1.mp3
dhada-10.mp3
dhada-11.mp3
dhada-2.mp3
```

अनेक साधे प्लेअर नावातला आकडा आकडा म्हणून वाचत नाहीत. शब्दकोशात जसं एकेक अक्षर पाहून शब्द लावतात, तसे ते फायली लावतात. एकाने सुरू होणारं सगळं आधी, दोनाने सुरू होणारं नंतर. उपाय एका शून्याचा आहे: 01, 02, 03. धडे शंभरावर जाणार असतील तर पहिल्या दिवसापासून 001. आणि सगळ्या नावांत आकडे एकाच लिपीतले हवेत. काही नावांत 12 आणि काहींत ७ असं झालं, तर संगणकाच्या हिशेबात देवनागरी आकडे इंग्रजी आकड्यांनंतर येतात आणि सातवा धडा बाराव्याच्या मागे जाऊन बसतो.

धड्याला लावलेल्या या माहितीला मेटाडेटा म्हणतात. डब्यावर चिकटवलेली चिठ्ठीच ती: आत काय आहे, कुणासाठी आहे, कशानंतर घ्यायचं. धड्यात मेहनत ओतणारे पुष्कळ असतात. चिठ्ठी मात्र शेवटच्या पाच मिनिटांत घाईघाईने लिहिली जाते. त्यातली सर्वांत मोठी गफलत म्हणजे क्रमांकालाच पातळी समजणं. धडा सातवा म्हणजे सहाव्यानंतरचा, एवढंच. तो किती अवघड आहे, हे सात या आकड्यातून कळत नाही.

पातळी सांगण्यासाठी जगभर वापरली जाणारी एक मोजपट्टी आहे. युरोप परिषदेने ती २००१ साली पुस्तकरूपात प्रसिद्ध केली. A1, A2, B1, B2, C1, C2 अशा तिच्या सहा पायऱ्या. A1 वरच्या माणसाला आकडे, किंमत, वेळ सांभाळता येते, पण समोरच्याने सावकाश आणि स्पष्ट बोलायला हवं. A2 वर दुकानातले, टपाल कार्यालयातले, बँकेतले साधे व्यवहार जमतात. ‘सोपा’, ‘मध्यम’, ‘अवघड’ या चिठ्ठ्यांपेक्षा हे केव्हाही बरं, कारण इथे माणूस काय करू शकतो ते लिहिलेलं असतं.

पण दुकानाविषयीची ही वर्णनं प्रामुख्याने विकत घेणाऱ्याच्या बाजूने केलेली आहेत: काय हवं ते सांगणं, किंमत विचारणं. गल्ल्यामागच्या माणसाचं काम उलट आहे. त्याला बोलायचं थोडं असतं, पण गिऱ्हाईक जे म्हणेल ते समजून घ्यावं लागतं. चिठ्ठी लिहिताना हा फरक धरावाच लागतो.

समजा, सातवा धडा सुट्ट्या पैशांचा आहे. गिऱ्हाईक विचारतं, “हाउ मच इज दिस बॉक्स?” दुकानदार, “वन फिफ्टी, सर.” “अँड इफ आय टेक थ्री?” “फोर ट्वेंटी. थर्टी रुपीज लेस.” गिऱ्हाईक नोट पुढे करतं, “आय हॅव ओन्ली अ फाइव्ह हंड्रेड. कॅन यू ब्रेक इट?” “येस, सर. एटी रुपीज बॅक.”

दुकानदाराची वाक्यं तपासा. आकडे आणि दोन-चार शब्द. बोलण्यापुरता हा धडा सरळ A1 आहे. गिऱ्हाइकाच्या तोंडी मात्र ‘इफ’ची अट आहे, आणि ‘ब्रेक इट’ आहे. ते ऐकून चिक्कीवाला चिक्कीचे तुकडे करायला घेईल, आणि त्यात त्याची काहीच चूक नसेल. ऐकण्यापुरता हा धडा A2 च्या खालचा नाही. गंमत म्हणजे आपणही पाचशेची नोट मोडतो आणि मोड मागतो. धड्यात हे एका वाक्यात सांगितलं की तो शब्द पुन्हा अडत नाही. पण चिठ्ठीवर नुसतं A1 लिहिलं, तर पाठ केलेली उत्तरं तोंडात तयार असूनही माणूस पहिल्याच प्रश्नाला गप्प होईल.

म्हणून ऐकण्याची आणि बोलण्याची पातळी वेगळी लिहावी. युरोप परिषदेच्या मोजपट्टीतही ऐकणं आणि बोलणं स्वतंत्रपणेच मोजलेलं आहे. सातव्या धड्याची चिठ्ठी मग अशी होते:

```
कोड      : D-031
क्रम      : 07
कोणासाठी : दुकानदार
प्रसंग    : तीन घेतल्यास सूट, नोटेची मोड
पातळी    : ऐकणे A2, बोलणे A1
आधी हवा  : D-012, हजारपर्यंतचे आकडे
वेळ      : 6 मिनिटे
```

‘आधी हवा’ ही ओळ फार कामाची आहे. फिफ्टी आणि फिफ्टीन यांतला फरक ज्याच्या कानाला अजून कळत नाही, त्याने हा धडा उघडूच नये. दुकानात ही चूक पस्तीस रुपयांना पडते.

कोड आणि क्रम वेगळे का? उद्या सातव्या आणि आठव्याच्या मध्ये यूपीआयने पैसे घेण्याचा धडा घालावासा वाटला तर पुढचे सगळे क्रमांक सरकतात. “काल आठवा झाला,” असं सांगणाऱ्या दोघांचा आठवा मग वेगवेगळा निघतो. कोड जन्मभर तोच राहतो. बदलायचा तो फक्त क्रम.

गृहिणींच्या मालिकेत काटा उलटा झुकतो. मुलाला ताप आहे, तो आज शाळेत येणार नाही, हे शिक्षिकेला फोनवर सांगायचं आहे. इथे माहिती देणारी आई आहे. नाव, इयत्ता, कारण, किती दिवस, हे सगळं ओळीने तिलाच सांगायचंय. पलीकडून येणारं उत्तर बहुधा छोटं असतं. हा धडा बोलण्यात A2 ठरेल. त्यामुळे दोन्ही गटांना एकच मालिका देऊन ‘बिगिनर’ असा शिक्का मारणं हा दोघांवरही अन्याय आहे. कोडच्या सुरुवातीला गृहिणींसाठी G आणि दुकानदारांसाठी D असलं, तरी निदान यादीत सरमिसळ होत नाही.

आता चिठ्ठी हरवण्याची गोष्ट. व्हॉट्सॲपवरून आलेल्या ऑडिओ फायलीचं मूळ नाव अनेकदा जातं आणि जागी AUD, तारीख आणि WA असं काहीतरी येतं. बारशाला ठेवलेलं नाव दारातच पुसलं जातं. एमपीथ्री फायलीच्या पोटात ID3 नावाची जागा असते. शीर्षक आणि क्रमांक तिथे भरला, तर प्लेअरमध्ये तो दिसत राहतो. त्याहून पक्की जागा म्हणजे आवाज. बांगलादेशात २००९ साली सुरू झालेल्या ‘बीबीसी जानाला’त लोक 3000 हा नंबर फिरवून तीन मिनिटांचे इंग्रजीचे धडे ऐकत. फोन कानाला लावलेल्या माणसासमोर यादी नसते. त्याला सगळं आवाजातूनच कळावं लागतं. आपल्या धड्याच्या पहिल्या दहा सेकंदांतही मराठीतून सांगून टाकावं: “दुकानदारांसाठी, धडा सातवा, नोटेची मोड. आकडे येत नसतील तर आधी तिसरा ऐका.” क्रम बदलला तर ही दहा सेकंदं पुन्हा रेकॉर्ड करावी लागतात, हा त्रास आहे, पण जिला किंवा ज्याला पडद्यावरचं वाचता येत नाही, त्यांच्यासाठी दुसरी चिठ्ठीच नाही.

असे धडे करणाऱ्या प्रत्येकाला एवढीच विनंती: चाळीस धडे वाटण्याआधी ते एका साध्या फोनवर चढवा, कुणाला तरी व्हॉट्सॲपने पाठवून पाहा, आणि दुसऱ्या धड्यावर बोट ठेवल्यावर दुसराच वाजतो ना, ते स्वतःच्या कानाने ऐका.