एका बोर्डावर तीन भाषा, मग भाषांतर नेमकं कशाचं करायचं?

घरबसल्या भाषांतराचं काम किंवा फ्लेक्स-बोर्डचं दुकान सुरू करायचं म्हणणाऱ्या तुमच्यापैकी अनेकांना हा अनुभव येणारच आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर एका बोर्डाचा फोटो येतो, खाली दोनच शब्द असतात : "ट्रान्सलेट करा." फोटो उघडला तर बोर्डावर मराठी, हिंदी आणि इंग्रजी तिन्ही ओळी आधीच आहेत. आता काय करायचं? व्हिडिओत हा भाग घाईत झाला, म्हणून इथे सावकाश सांगतो.

नवखा माणूस दोनपैकी एक चूक करतो. एक तर "इंग्रजी आहेच की" म्हणून फोटो परत पाठवतो. नाहीतर तिन्ही ओळींचं वेगवेगळं भाषांतर करून एकच वाक्य तीनदा लिहून देतो. दोन्हींचं मूळ एकच आहे. तिन्ही ओळी एकच गोष्ट सांगतात, असं त्यानं न वाचताच धरून चाललेलं असतं.

आधी ओळी जुळवा

रेल्वे स्टेशनचा पिवळा बोर्ड आठवा. तिथे मराठी, हिंदी, इंग्रजी या ओळींत एकच नाव असतं. तिथेही थोडा फरक पडतो. मराठीत आपण नागपूर लिहितो, हिंदीत नागपुर. मराठीत पुलगाव, हिंदीत पुलगांव. पण ही फक्त लिहिण्याची पद्धत आहे, गाव एकच. असं नाव भाषांतरात एकदाच घ्यायचं, आणि ज्या भाषेत काम देताय त्या भाषेत चालणारं स्पेलिंग वापरायचं.

सूचनेच्या बोर्डाचं तसं नसतं. तीन ओळी बऱ्याचदा तीन वेळी, तीन माणसांनी लिहिलेल्या असतात. म्हणून एक उदाहरण पूर्ण करून बघू. समजा, हिंगणघाटच्या एका जिनिंग फॅक्टरीच्या गेटवर असा बोर्ड आहे. इंग्रजी ओळ मी इथे देवनागरीत लिहितो :

मराठी : जिनिंगच्या आवारात धूम्रपान करण्यास सक्त मनाई आहे.
हिंदी : धूम्रपान करना सख्त मना है। पकड़े जाने पर 500 रुपये दंड।
इंग्रजी : नो स्मोकिंग. व्हिजिटर्स रिपोर्ट अ‍ॅट गेट ऑफिस.

वरवर बघितलं तर "विडी-सिगारेट ओढू नका" हेच तीनदा लिहिलंय. आता वहीत तीन रकाने पाडा आणि प्रत्येक ओळीतली माहिती वेगळी करा. मनाई तिन्हीत आहे. "आवारात" हा शब्द फक्त मराठीत आहे. 500 रुपये दंड फक्त हिंदीत आहे. बाहेरून येणाऱ्यांनी गेटच्या ऑफिसात नोंद करायची, हे फक्त इंग्रजीत आहे. म्हणजे बोर्डावर चार गोष्टी आहेत, आणि कोणत्याच एका भाषेत त्या चारही नाहीत.

मग विचारा : वाचणार कोण?

फोटो पाठवणारा आणि भाषांतर वाचणारा माणूस एकच असेल असं नाही. म्हणून काम सुरू करण्याआधी एक फोन करा : "दादा, हे कोणाला दाखवायचंय?"

समजा, मालकाला विम्याच्या फाईलसाठी बोर्डाचं इंग्रजी हवंय. तो कागद वाचणाऱ्याला मराठी-हिंदी येत नसेल. त्याला बोर्डावर जे जे आहे ते सगळं कळायला हवं. मग भाषांतर असं द्या : आवारात धूम्रपानाला सक्त मनाई, हे एकदाच. पुढे दंडाचं वाक्य, त्यासमोर "फक्त हिंदी ओळीत". बोर्डावरची इंग्रजी ओळ तुमची नाही, म्हणून ती जशीच्या तशी उतरवा आणि "मूळ इंग्रजी" असं लिहा. तिची भाषा सुधारू नका. फाईलमध्ये फोटोही लागणार आहे, आणि दोन्हींत फरक दिसला तर शंका तुमच्या कामावर येते.

आता दुसरी गोष्ट धरा. त्याच मालकाला नवा बोर्ड रंगवायचा आहे. तेव्हा काम उलटं होतं. कापसाच्या ढिगाजवळ एक ठिणगी पुरते. तरी दंड आहे हे फक्त मराठी वाचणाऱ्या कामगाराला बोर्डावरून कळतच नाही, आणि गेटवर नोंद करायची हे हिंदी वाचणाऱ्या ट्रक ड्रायव्हरला कळत नाही. इथे चारही गोष्टी तिन्ही भाषांत न्यायच्या. पण स्वतःच्या मनानं नाही. दंड अजून 500 च आहे का, तो सगळ्यांना लागू आहे का, हे मालकाला विचारून मगच लिहा. बोर्डावरची रक्कम ठरवणारे आपण नाही.

मराठी कोणती, हिंदी कोणती?

दोन्ही लिपी देवनागरी, त्यामुळे छोट्या ओळीत गोंधळ होतो. "आहे" किंवा "चा-ची-चे" दिसलं की मराठी. "है" किंवा "का-की-के" दिसलं की हिंदी. "ळ" हे अक्षर मराठीची चांगली खूण आहे. "सावधान" असा एकच शब्द असेल तर डोकं शिणवू नका. अर्थ दोन्हीकडे तोच आहे, एकदा लिहा.

खरा धोका सारख्या दिसणाऱ्या शब्दांचा आहे. हिंदीत "शिक्षा" म्हणजे शिक्षण, मराठीत सजा. हिंदीत "आपत्ति" बहुतेक वेळा हरकत या अर्थानं येते, मराठीत "आपत्ती" म्हणजे संकट. हिंदीत "उपहार" म्हणजे भेटवस्तू, आणि आपल्या "उपाहारगृहात" चहा-नाश्ता मिळतो. म्हणून आधी ओळ कोणत्या भाषेची ते ठरवा, मग अर्थ लावा.

काय हात न लावता ठेवायचं

माणसांची आणि दुकानांची नावं भाषांतरित होत नाहीत, फक्त लिपी बदलते. फोन नंबर आणि जीएसटी नंबर आकडा-आकडा तपासून उतरवा. रंगवलेल्या जुन्या बोर्डावर १ आणि ९ सारखे दिसू शकतात, तिथे अंदाज नको, दुसरा फोटो मागा. कडेला ओळ कापली गेली असेल तर "फोटोत दिसत नाही" असं लिहा. पेंटरनं शब्द चुकवला असेल तर अर्थ बरोबर द्या आणि चूक वेगळी कळवा.

नवा बोर्ड दुकानाच्या नावाचा असेल तर आणखी एक गोष्ट गिऱ्हाईकाला सांगा. महाराष्ट्रातल्या दुकाने व आस्थापनांच्या कायद्यात 2022 साली झालेल्या दुरुस्तीनुसार दुकानाचं नाव देवनागरी मराठीत सुरुवातीला हवं, आणि मराठी अक्षरं दुसऱ्या लिपीपेक्षा लहान नकोत. दहापेक्षा कमी कामगार असलेल्या छोट्या दुकानांनाही हे लागू आहे. फ्लेक्स छापून झाल्यावर हे कळलं, तर खर्च कोणाचा यावरून भांडण ठरलेलंच!

शेवटी पैशाचं. वरच्या बोर्डाचे शब्द मोजले तर जेमतेम पंचवीस भरतात. शब्दावर दर लावलात तर फोन, जुळवणी, तपासणी सगळं फुकटात गेलं. म्हणून अशा कामाला प्रति बोर्ड किमान दर ठेवा, आणि रकान्यांचा तो कागद भाषांतरासोबत द्या. आपल्या बोर्डावर दंड फक्त हिंदीत लिहिलाय हे मालकाला त्या कागदावरच पहिल्यांदा दिसेल, आणि पैसे कशाचे घेतले हे वेगळं सांगावं लागणार नाही.

आज बाजारात जाल तेव्हा तीन भाषांचा एक बोर्ड शोधा, फोटो काढा आणि घरी येऊन तीन रकाने भरून बघा.