सात समभागांची चिल्लर

शंभराची नोट मोडून दहाच्या दहा नोटा घेताना कुणाचंच काही जात नाही. उलट दिशेने निघालं की पंचाईत होते. सात रुपयांची चिल्लर घेऊन कुणी दहाची नोट मागायला गेला, तर ती मिळत नाही. कंपन्यांच्या समभागांचंही असंच आहे. मोठा समभाग फोडून लहान करणं म्हणजे विभाजन, ज्याला बाजारात 'स्प्लिट' म्हणतात. लहान समभाग जोडून मोठा करणं म्हणजे एकत्रीकरण. कंपनी कायदा, 2013 च्या कलम 61 मध्ये दोन्ही शेजारी-शेजारी आहेत, पण त्यांची वागणूक सारखी नाही. ती का, हे चिल्लरीवरून कळतं.

आधी सोपी बाजू पाहू. मुंबईच्या टाटा स्टीलने 2022 मध्ये 10 रुपये दर्शनी मूल्याचा समभाग 1 रुपयाच्या दहा समभागांत फोडला. 29 जुलै ही नोंद तारीख होती. त्या दिवशी ज्याच्या नावावर 10 समभाग होते, त्याच्याकडे 100 झाले आणि बाजारातला भाव त्याच प्रमाणात खाली आला. मालकीतला वाटा होता तेवढाच राहिला. बोनस समभाग यापेक्षा वेगळा असतो. बोनसमध्ये कंपनी राखीव निधी भांडवलात वळवते. विभाजनात भांडवलाची रक्कम बदलत नाही, फक्त तुकड्यांची संख्या वाढते.

विभाजनाला कायद्याची एकच खास अट आहे. समभागाचे पैसे पूर्ण भरलेले नसतील, तर भरलेल्या आणि बाकी रकमेचं प्रमाण प्रत्येक तुकड्यात तसंच राहिलं पाहिजे. 10 रुपयांच्या समभागावर 6 रुपये भरले असतील आणि त्याचे 2 रुपयांचे पाच तुकडे केले, तर प्रत्येकावर 1 रुपया 20 पैसे भरलेले आणि 80 पैसे बाकी. चार तुकडे पूर्ण भरलेले दाखवून सगळी बाकी पाचव्यावर ढकलता येत नाही.

मंजुरीची वाट दोन्ही कामांना बरीचशी सारखी आहे. पहिल्यांदा कंपनीचे आर्टिकल्स उघडून बघायचे, कारण भांडवलात असा बदल करण्याचा अधिकार तिथे लिहिलेला असावा लागतो. नेमका तोच नसल्याचं अनेकदा शेवटच्या क्षणी लक्षात येतं. मग आधी विशेष ठरावाने आर्टिकल्स बदलायचे आणि तो ठराव 30 दिवसांत MGT-14 या फॉर्ममधून कंपनी निबंधकाकडे द्यायचा. अधिकार असेल, तर संचालक मंडळ प्रस्ताव मंजूर करतं आणि कारणमीमांसेसह सर्वसाधारण सभेची नोटीस काढतं. सभेत साधा ठराव, म्हणजे निम्म्याहून जास्त मतं पुरतात, जर आर्टिकल्सनी जास्त मागितली नसतील तर. मेमोरँडम बदलायला एरवी विशेष ठराव लागतो, पण कलम 61 च्या भांडवली बदलांना त्यातून सूट आहे.

त्यानंतर 30 दिवसांत SH-7 हा फॉर्म, बदललेल्या मेमोरँडमसह, निबंधकाकडे जातो. अधिकृत भांडवल वाढत नसल्याने त्या वाढीचं शुल्क लागत नाही. मुदत चुकली तर रोजचे 500 रुपये दंड सुरू होतो. त्याची कमाल कंपनीला 5 लाख आणि कसूरदार अधिकाऱ्याला 1 लाख आहे. इथली नेहमीची चूक साधी असते. मेमोरँडमच्या भांडवल-कलमात नवं दर्शनी मूल्य लिहिलं जातं आणि समभागांची संख्या जुनीच राहते. दोन्हींचा गुणाकार अधिकृत भांडवलाशी जुळतो का, एवढं पाहिलं की ती पकडता येते. समभाग डीमॅटमध्ये असतील, तर त्यांना नवा आयएसआयएन क्रमांकही घ्यावा लागतो.

आता एकत्रीकरण. समजा, एका घरगुती प्रायव्हेट लिमिटेड कंपनीत 10 रुपयांचे 40,000 समभाग आहेत. थोरल्या भावाकडे 24,000, धाकट्याकडे 12,000, एका जुन्या भागीदाराकडे 3,950, मावशींकडे 43 आणि एका निवृत्त कारकुनाकडे 7. आता दहा समभागांचा एक, म्हणजे 100 रुपयांचा समभाग करायचा ठरलं. भावांना 2,400 आणि 1,200 मिळतील, भागीदाराला 395. मावशींना चार मिळून तीन जुने समभाग उरतील. कारकुनाच्या सातांचा एकही होत नाही. उरलेले तीन आणि सात मिळून एक पूर्ण समभाग होतो. असे अपूर्णांक विश्वस्ताकडे सोपवायचे, त्याने तो समभाग विकायचा आणि पैसे ज्याच्या-त्याच्या प्रमाणात वाटायचे, ही रुळलेली पद्धत. कंपनीने स्वतःच पैसे देऊन अपूर्णांक रद्द केले, तर तो भांडवल कमी करण्याचा प्रकार होतो, आणि त्याची वेगळी, जास्त कडक प्रक्रिया कलम 66 मध्ये आहे.

रक्कम किरकोळ आहे, पण मतांचं बघा. मावशींचा वाटा 0.1075 टक्क्यांवरून 0.1 टक्क्यावर आला आणि कारकून मतदारच राहिला नाही.

हे हत्यार कसं चालू शकतं, ते गुणोत्तर वाढवल्यावर दिसतं. त्याच कंपनीत 4,000 समभागांचा एक करा. थोरल्याला सहा, धाकट्याला तीन. भागीदाराचे 3,950 मात्र एका समभागालाही पुरत नाहीत. जवळजवळ दहा टक्क्यांचा मालक पन्नास समभाग कमी पडल्यामुळे पैसे घेऊन बाहेर. आणि साध्या ठरावाला लागणारी मतं तर थोरल्या भावाकडे एकट्याकडेच आहेत, साठ टक्के.

म्हणूनच कलम 61 मध्ये एक तरतूद आहे: एकत्रीकरणामुळे भागधारकांच्या मतांची टक्केवारी बदलत असेल, तर राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणाच्या मंजुरीशिवाय ते लागू होत नाही. 1956 च्या जुन्या कायद्यात ही अट नव्हती. बदल किती मोठा असावा याची किमान मर्यादा तिथे दिलेली नाही, त्यामुळे मावशींचा फरकही त्यात बसतो.

न्यायाधिकरणाकडचा अर्ज NCLT-1 या नमुन्यात करायचा. त्यात आर्टिकल्समधला अधिकार, आधीची आणि नंतरची भांडवल-रचना, कोणत्या वर्गाचे समभाग जोडायचे आणि का, हे सांगायचं. 'का' या रकान्यात बहुधा सगळा अर्ज तोलला जातो. सुनावणीच्या किमान चौदा दिवस आधी इंग्रजी वर्तमानपत्रात इंग्रजीत आणि जिल्ह्याच्या मुख्य भाषेच्या वर्तमानपत्रात त्या भाषेत जाहिरात द्यायची. सांगलीतली कंपनी असेल, तर ती मराठीत येणार. हरकत आली, तर तिची प्रत निबंधक आणि प्रादेशिक संचालक यांना द्यायची. मंजुरीचा आदेश मिळाला की तो INC-28 मधून निबंधकाकडे नोंदवायचा.

या सगळ्याला टाळायची एक सरळ वाटही आहे. ठराव लागू होण्याआधी मावशींनी तीन समभाग रीतसर कारकुनाच्या नावावर केले, तर त्यांचे 40 आणि त्याचे 10 होतात. आता सगळेच आकडे दहाच्या पटीत आहेत, एकत्रीकरणाने कुणाची टक्केवारी हलत नाही, आणि न्यायाधिकरणाकडे जावं लागत नाही. मात्र हे त्या दोघांच्या संमतीनेच व्हायला हवं, आणि हस्तांतरण नोंदवहीत चढलेलं असावं.

म्हणून आपल्या कंपनीकडून एकत्रीकरणाची नोटीस आली, तर तिच्यातलं गुणोत्तर पाहा आणि आपल्या समभागांना त्याने भागा. बाकी शून्य आली नाही, तर सभेला जा, नाहीतर वर्तमानपत्रातली ती जाहिरात शोधा. हरकत घ्यायची वेळ तीच असते.