न आलेले पंचवीस पत्रे

भोसरी-चाकणच्या पट्ट्यात पत्रे कापून, वाकवून सुटे भाग करणारे कारखाने पुष्कळ आहेत. पोलादी पत्रा विकत घेताना किलोवर घेतात, पण स्टोअरमधून तो नगावर दिला जातो. या दोन हिशेबांची सांगड संगणकातल्या एका आकड्याने घातलेली असते : एका पत्र्याचे वजन किती किलो. हा आकडा आयटम मास्टरमध्ये, म्हणजे प्रत्येक वस्तूच्या मूळ नोंदीत, एकदाच भरला जातो. नंतर तो सहसा कोणी उघडून पाहत नाही.

समजा, अशा एका कारखान्याला २ मिलीमीटर जाडीचा, १२५० बाय २५०० मिलीमीटरचा पत्रा नव्याने लागू लागला. नोंद करणाऱ्याने वेळ वाचवण्यासाठी १.६ मिलीमीटरच्या पत्र्याची जुनी नोंद कॉपी केली, नाव आणि जाडी बदलली, पण वजनाचा आकडा तसाच राहिला. पोलादाची घनता घनमीटरला ७,८५० किलो धरली, तर २ मिलीमीटरचा पत्रा सुमारे ४९.०६ किलोचा भरतो आणि १.६ मिलीमीटरचा ३९.२५ किलोचा.

पुढे ट्रक येतो. वजनकाट्यावर माल ४,९०६ किलो भरतो, म्हणजे पत्रे १००. संगणक मात्र ४,९०६ ला ३९.२५ ने भागून साठ्यात १२५ पत्रे जमा करतो.

ही चूक पकडणारे कोणी वाटेत भेटत नाही. परचेस ऑर्डर किलोत, पुरवठादाराचे बिल किलोत, माल आल्याची पावतीही किलोत. लेखा विभाग तिन्ही कागद ताडून पाहतो, ते जुळतात आणि पैसे चुकते होतात. किलोला ६० रुपये भाव धरला तर साठ्याची एकूण किंमतही बरोबर दिसते, २ लाख ९४ हजारांच्या आसपास. फक्त ती १०० ऐवजी १२५ पत्र्यांत वाटली गेल्याने एक पत्रा २,९४४ ऐवजी २,३५५ रुपयांचा ठरतो, आणि त्याच आधारावर कोणाला तरी कोटेशन जाते.

उलट दिशेनेही तेच होते. १०० पत्र्यांची गरज निघाली की संगणक ३,९२५ किलोची ऑर्डर काढतो. येतात ८० पत्रे, आणि जमा होतात १००. चुकीचा आकडा ऑर्डर काढताना आणि माल जमा करताना सारखाच वापरला गेल्यामुळे ‘मागवले शंभर, आले शंभर’ असे नीटनेटके चित्र पडद्यावर दिसते.

तपासणीतही तोच चुकीचा आकडा वापरला, तर काय होते याचे गाजलेले उदाहरण कॅनडातले आहे. २३ जुलै १९८३ रोजी एअर कॅनडाच्या बोइंग ७६७ मध्ये इंधन भरताना लिटरचे किलो करण्यासाठी १.७७ ने गुणले गेले. तो आकडा पौंडांचा होता, किलोसाठी तो साधारण ०.८ हवा होता. वाटेत ओटावाला इंधन पुन्हा मोजले, पण पुन्हा १.७७ नेच गुणले. इंधन हवेतच संपले आणि वैमानिकांनी विमान तरंगत नेऊन गिमली येथे उतरवले. प्राणहानी झाली नाही.

कारखान्यात घोटाळा उघड होतो तो मांडणी रिकामी झाल्यावर. पडद्यावर २५ पत्रे शिल्लक असतात, त्यामुळे नवी ऑर्डर निघालेली नसते आणि मशीन थांबते. पहिला संशय स्टोअरकीपरवर येतो. मोजणी होते, २५ पत्रे ‘घट’ म्हणून वजा होतात, साठा जुळतो. पण मास्टरमधला आकडा तसाच असल्याने पुढच्या ट्रकबरोबर तीच तूट पुन्हा येते.

चोरी की रूपांतराची चूक, हे ओळखायला एक साधी पडताळणी आहे. दोन मोजण्यांमधली तूट त्याच काळात आलेल्या मालाशी ताडून पाहावी. चोरीच्या तुटीला सहसा ठरलेले प्रमाण नसते. इथे मात्र शंभर पत्रे आले की पंचवीस, दोनशे आले की पन्नास, असा हिशेब प्रत्येक वेळी निघतो. माल न येता फक्त दिला गेला, तर तूट वाढत नाही.

दुरुस्तीचाही क्रम असतो. मास्टरमधला आकडा बदलला म्हणून चुकीने जमा झालेला साठा आपोआप सुधारत नाही. तो प्रत्यक्ष मोजूनच दुरुस्त करावा लागतो. शिवाय सॅपसारख्या प्रणालीत परचेस ऑर्डरच्या ओळीवर रूपांतराचा आकडा स्वतंत्र साठवलेला असतो, म्हणून आधी काढलेल्या ऑर्डरींवर जुनाच आकडा चालू राहतो. त्या एकेक तपासाव्या लागतात.

आकडा बरोबर असला तरी तो आदर्श पत्र्याचा असतो. गिरणीतून येणाऱ्या पत्र्याची जाडी ठरलेल्या मर्यादेत कमी-जास्त होते, आणि शेकडो पत्र्यांत तो फरक दोन-चार नगांचा होऊ शकतो. म्हणून काही कारखाने माल उतरवताना वजन आणि नग दोन्ही लिहितात, एकाला दुसऱ्याने भागतात आणि येणारे सरासरी वजन मास्टरशी ताडतात. वरच्या ट्रकला हे केले असते, तर ३९.२५ च्या जागी ४९.०६ पहिल्याच दिवशी, माल उतरता उतरता दिसले असते.