आठव्या महिन्यातली रात्रीची जळजळ

सातवा महिना सरला की अनेक गर्भवतींची एकच तक्रार सुरू होते. दिवस कसाबसा निघतो, पण रात्री पाठ टेकली की छातीत जळजळ होते आणि घशाशी आंबट पाणी येतं. याची कारणं दोन. गरोदरपणात वाढणाऱ्या प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकामुळे अन्ननलिका आणि जठर यांच्यामधली झडप सैलावते. त्यातच वाढतं गर्भाशय जठराला खालून वर रेटतं. झोपल्यावर आम्ल खाली राहत नाही, सैल झडपेतून वर चढतं. या जळजळीने बाळाला इजा होत नाही आणि बाळंतपणानंतर ती बहुधा थांबते. तोवर आईची झोप मात्र पुरती मोडते.

आठव्या महिन्यातल्या एका नोकरदार बाईची संध्याकाळ पाहू. दुपारी घाईत डबा, सहाला चहा आणि चिवडा, साडेनऊला सगळ्यांबरोबर पोटभर जेवण, तेही ‘दोन जिवांचं आहे, आणखी घे’ या आग्रहाखातर. दहाला अंथरूण आणि मध्यरात्री जळजळ. तिला आधी औषधाची नव्हे, वेळापत्रकाची गरज आहे. रोजचंच अन्न तिने पाच-सहा वेळा विभागून खावं. सकाळी उपमा किंवा पोहे, अकराला एखादं फळ, दुपारी नेहमीपेक्षा एक पोळी कमी, पाचला ती राहिलेली पोळी भाजीबरोबर आणि साडेसातला मऊ वरणभात. जेवण आणि झोप यांत दोन ते तीन तासांचं अंतर हवं. जेवताना तांब्याभर पाणी पिऊ नये, ते दिवसभर थोडं थोडं प्यावं. तळलेलं, तिखट, चहा-कॉफी यांपैकी जे बाधतं तेवढंच सोडावं. सरसकट पथ्य करून पोषण कमी करू नये.

झोपताना नुसत्या उशा वाढवून भागत नाही. त्यांनी मान उचलली जाते, कंबरेत बाक येतो आणि पोटावरचा दाब उलट वाढतो. पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा किंवा लाकडी ठोकळे नीट बसवून ती बाजू १५ ते २० सेंटीमीटर उंच करावी. निजावं डाव्या कुशीवर. जठराची रचना अशी आहे की या कुशीवर अन्ननलिकेचं तोंड आम्लाच्या पातळीच्या वर राहतं. शेवटच्या तीन महिन्यांत उताणं झोपू नये असं डॉक्टर सांगतात, कारण तेव्हा गर्भाशयाचा भार मोठ्या रक्तवाहिन्यांवर पडतो. तेव्हा कुशीवर झोपण्याचा फायदा दुहेरी आहे.

एवढं करूनही जळजळ राहिली, तर अँटासिड घेता येतं. मात्र बाटलीवरचं नाव नव्हे, घटक वाचावेत. कॅल्शियम कार्बोनेट, तसंच मॅग्नेशियम आणि ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइड यांचं मिश्रण सांगितलेल्या मात्रेत सहसा चालतं. अल्जिनेट असलेलं औषधही चालतं. दुधावर साय धरावी तसा त्याचा थर जठरातल्या अन्नावर तरंगतो आणि आम्ल वर येऊ देत नाही. म्हणून ते जेवणानंतर आणि झोपताना घेतात. खाण्याचा सोडा आणि सोड्याची फसफसणारी पावडर मात्र टाळावी. त्यातल्या सोडियममुळे अंगात पाणी साठतं आणि रक्तातला आम्ल-अल्कलीचा तोल बिघडू शकतो. ॲस्पिरिन किंवा बिस्मथ सबसॅलिसिलेट असलेली औषधंही नकोत. मॅग्नेशियम ट्रायसिलिकेट मोठ्या मात्रेत, दीर्घकाळ घेऊ नये.

आणखी एक गोष्ट हमखास राहून जाते. अँटासिडमुळे लोह नीट शोषलं जात नाही, म्हणून लोहाची गोळी आणि अँटासिड यांत किमान दोन तास ठेवावेत. आपल्याकडे गर्भवतींना कॅल्शियमच्या गोळ्या सुरूच असतात. त्यात कॅल्शियमचं अँटासिड वारंवार घेतलं तर एकूण मात्रा वाढते, म्हणून डॉक्टरांना दोन्ही सांगावं. मूत्रपिंडाचा आजार किंवा वाढलेला रक्तदाब असेल, तर कोणतंही अँटासिड विचारूनच घ्यावं. साध्या अँटासिडने भागलं नाही, तर डॉक्टर फॅमोटिडिन किंवा ओमेप्राझोल देतात. शेजारणीच्या पाकिटातली गोळी घेऊ नये.

पोटाच्या वरच्या भागातलं प्रत्येक दुखणं ॲसिडिटी नसतं. विसाव्या आठवड्यानंतर उजव्या बरगडीखाली किंवा छातीच्या खाली मधोमध जोराने दुखू लागलं, सोबत डोकं ठणकलं, डोळ्यांपुढे चमकलं, चेहरा-हात एकाएकी सुजले, तर ते प्रीएक्लॅम्पसियाचं लक्षण असू शकतं. हा वाढत्या रक्तदाबाचा, आई आणि बाळ दोघांनाही धोक्याचा आजार आहे. गिळताना अन्न अडकणं, उलटीत रक्त येणं, छातीतली कळ हातात किंवा जबड्यात जाणं याही खुणा गंभीर आहेत. अशा वेळी अँटासिडचा चमचा घेऊन सकाळची वाट पाहू नका. रात्र असली तरी दवाखाना गाठा आणि आधी रक्तदाब मोजून घ्या.